अक्षरांची कंबर आणि मी परीक्षक

हुडकेश्वर, नागपूर
बुधवार

तीर्थरूप बाबारावदादा यांस,

मार्तंडचा नमस्कार. (वाकून केला आहे असे समजावे, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे.) पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुमचे पत्र आले, मागोमाग तुरीची डाळ आली, डाळ डब्याच्या बुडाला लागली तरी माझी पोच नाही, म्हणजे तुम्ही रागावलेले असणार. तुम्ही रागावलात की जेवत नाही, जेवला नाहीत की तुमची साखर खाली जाते, आणि साखर खाली गेली की वहिनी सगळ्यांना फोन करतात. माझ्या एका न लिहिलेल्या पत्रापायी पारशिवनीत काय काय होऊन बसले असेल, या काळजीने मी रोज लिहायला बसत होतो आणि काळजी वाढली म्हणून उठत होतो. वहिनींचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमध चघळतात की नुसताच उशाशी ठेवतात? प्रेमलता बरी आहे. माझे म्हणाल तर बीपी वर आहे, भूक खाली आहे, आणि डाव्या कानात कधीकधी मिक्सर चालू असल्यासारखे वाटते. (दोनदा तो खरोखरच चालू होता.)

उशिराचे खरे कारण असे की मला बोलायची बंदी होती. ही बंदी प्रेमलतेने घातलेली नव्हे, तिची वेगळी चालू आहे. ही लेखी बंदी होती, एका त्रैमासिकाची, आणि ती गेल्या रविवारीच उठली. बंदीत असताना तुम्हाला पत्र लिहिले असते तर मी पहिल्याच ओळीत सगळे ओकलो असतो. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. पोटात राहते ते फक्त वांगे, आणि तेही त्रास देते.

झाले असे. अस्मिता मॅडम म्हणून एक कॉलेजातल्या बाई आहेत, त्या जुन्या पाट्या, अक्षरे, छपाई अशा विषयांवर मराठीत एक त्रैमासिक काढतात. फ्लेक्सवाल्यांनी आमचा पेंटरचा धंदा बसवल्यावर काही वर्षांनी त्या घरी आल्या होत्या. आम्ही कोणते ब्रश वापरायचो, रंगात टर्पेन्टाइन किती घालायचो, असे विचारून गेल्या. त्यांचा नियम असा की आलेला प्रत्येक लेख छापण्याआधी दोघांनी तपासायचा, एक शिकलेला आणि एक धंद्यातला. धंद्यातला म्हणून त्यांनी मला धरले. दादा, मी आठवी कशीबशी ढकलून शाळेला रामराम केलेला माणूस, आणि मला कागद आला, 'परीक्षक श्री. मार्तंड लांजेवार'. मी तो कागद प्रेमलतेला दाखवला. ती म्हणाली, "तुमाले कोणी पास केलं नाही, तुम्ही कोणाले करता आता?" याआधी दोन लेख तपासले. एकावर 'छान' लिहिले आणि दुसऱ्यावर 'फारच छान'. मॅडमनी फोन करून सांगितले की काका, छान का आहे तेही लिहायचे असते.

या कामाची रीत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. लेखावर लेखकाचे नाव नसते आणि लेखकाला माझे नाव कळत नाही. ओळखीने किंवा भांडणाने कोणी कोणाला पास-नापास करू नये म्हणून. लेख कोणाला दाखवायचा नाही, त्यातले कोणाला सांगायचे नाही. शेवटी आपले मत द्यायचे: घ्या, सुधारून घ्या, किंवा घेऊ नका. लेखकाला कळवायच्या सूचना वेगळ्या लिहायच्या आणि फक्त संपादकाच्या कानात सांगायचे ते वेगळे. आणि सुरुवातीलाच एक प्रश्न असतो: या लेखाशी आपले काही हितसंबंध आहेत काय? आता संबंध म्हटले की माझ्या डोक्यात सोयरीकच येते. आमच्या घरातली मुलगी कोणत्या लेखाच्या घरी दिलेली नाही, म्हणून लेख न वाचताच मी ठोकून दिले, 'नाहीत'.

मग वाचायला घेतला. चौथ्या पानावर गेलो आणि मला घाम फुटला, कारण चौथ्या पानावर मी होतो. नाव नव्हते, पण मीच होतो.

तुम्ही ही गोष्ट माझ्या तोंडून अनेकदा ऐकली आहे, पण तुम्हाला आठवणार नाही (का ते पुढे येईल), म्हणून पुन्हा सांगतो. जुन्या पत्र्याच्या पाट्या नीट पाहिल्या तर अक्षराची कंबर खाली बसलेली दिसते. म्हणजे वरची शिरोरेषा आणि खालची रेघ आम्ही सुताने पाडून घ्यायचो, त्यात चूक नाही. पण मधला भाग, 'ब'चे पोट म्हणा, 'क'ची गाठ म्हणा, मधोमध न येता जरा खाली येतो. वरचा भाग लांब, खालचा आखूड. जाणकार सांगतात की ही पेंटरची हुशारी. पाटी उंच लागते, रस्त्यावरून पाहणाऱ्याला वरचा भाग लहान दिसतो, म्हणून पेंटर तो मुद्दाम मोठा काढायचा. ऐकायला गोड आहे. पण मी जन्मभर पाट्या रंगवल्या आणि माझ्या डोक्यात रस्त्यावरचा माणूस एकदाही आला नाही. आला तर एवढाच की तो रंगाचा डबा लाथाडून जाऊ नये. माझे म्हणणे असे की आम्ही पत्रा जमिनीवर आडवा टाकून, त्याच्या खालच्या कडेला उकिडवे बसून रंगवायचो. अक्षराचा वरचा भाग आमच्यापासून लांब, म्हणून तो आम्हालाच लहान दिसायचा, म्हणून आम्ही तो नकळत मोठा काढायचो. हुशारीबिशारी काही नाही, बसण्याची पद्धत. ही माझी एकुलती एक कल्पना. लोकांना चार-पाच असतात, मला एकच झाली, तीही धंदा बंद पडल्यावर. ती मी कुठे छापली नाही, कारण मला मोठी अक्षरे काढता येतात, बारीक अक्षरे जुळवून पान भरता येत नाही. आणि चौथ्या पानावर ती सगळी, 'उकिडवे' या शब्दासकट, दुसऱ्या कोणाच्या लेखात.

दादा, मी पाणी प्यायलो. मग चहा सांगितला आणि प्यायलो नाही. प्रेमलतेने विचारले काय झाले, तर मी लेख पोटाखाली दाबून म्हणालो, काही नाही. तिने माझे कपाळ पाहिले, जीभ पाहिली, आणि घरात गोड बंद केले.

आता पहिला प्रश्न, ही माझीच हे सिद्ध कसे करायचे? मी मनाशी म्हटले, त्यात काय अवघड, मी तर हे सगळ्यांना सांगितले आहे. लग्नात, तेरवीत, बँकेच्या रांगेत, कामठीच्या शेअर ऑटोत. तुम्हालाच किती वेळा! पण लेखाचे नाव काढायची बंदी, म्हणून मी आडून आडून विचारू लागलो. दत्तोपंतांना (आमचे शेजारी, पेन्शनर, सकाळी सोबत फिरतात) म्हटले, मी पाट्यांबद्दल काही म्हणायचो, आठवते का? ते म्हणाले, "हो, म्हणायचे ना तुम्ही. भाव कमी देतात म्हणून." व्याह्यांना विचारले. त्यांना वाटले मी पेंटिंगचे दुकान परत काढतो आहे, त्यांनी भांडवल नाही असे न विचारता सांगून टाकले. शेवटी प्रेमलतेला विचारले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही बोर्डाचं बोलाले लागले का मी भाजी निवडाले घेते. सवयच झाली. काहून, बोलायचं हाय का आता? थांबा, मेथी घेऊन येते." असा माझा पुरावा. सगळ्यांनी ऐकलेले, आणि एकानेही न ऐकलेले. साऱ्या नागपूर जिल्ह्यात माझे म्हणणे कान देऊन ऐकणारा एकच माणूस निघाला, आणि तो चोर.

मग माझ्या मनात जे जे आले ते तुम्हाला लिहिताना लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचे. पहिले आले की 'घेऊ नका' लिहावे आणि कारण द्यावे की यात नवीन काही नाही. पण तिथे लगेच विचारले होते: नवीन नसल्यास आधी कुठे प्रसिद्ध झाले ते नमूद करावे. आता 'माझ्या तोंडी' असे काय नमूद करू? दुसरे आले की काही न बोलता 'घ्या' म्हणावे आणि मोठ्या मनाचे व्हावे. मी साधारण एक तास मोठ्या मनाचा होतो. मग भूक लागली. तिसरे आले की सूचनेत लिहावे, 'लेखकाने या विषयातील ज्येष्ठ पेंटर श्री. मार्तंड लांजेवार यांचा आवर्जून उल्लेख करावा'. मी कोण हे लेखकाला कळायचे नाही, त्याला वाटेल परीक्षक लांजेवारांचा चाहता आहे. पण परीक्षकांसाठी जे सूचनापत्रक येते ते काढून पाहिले तर त्यात ओळच होती: परीक्षकाने स्वतःचे नाव वा काम लेखात घुसडायला लावू नये. चौथे सगळ्यात पक्के होते. लेख तीन-चार महिने दाबून ठेवायचा, 'तब्येत बरी नाही' कळवायचे (खोटे नाही), आणि तेवढ्यात कोणाकडून तरी आपली कल्पना लिहून घेऊन दुसरीकडे छापायची. पुन्हा पत्रक पाहिले. हीसुद्धा ओळ होती, जवळजवळ माझ्याच शब्दांत. ज्याने कोणी ते पत्रक लिहिले तो मला कुठेतरी भेटलेला असला पाहिजे.

या सगळ्या गडबडीत लेख अर्धाच वाचला होता. तुम्ही म्हणाल, पुढचे वाचायचे तरी. वाचले, आणि तिथेच खरा घात झाला. लेखकाने नुसती कल्पना घेतली नव्हती, ती तपासली होती. दवाखान्यांच्या दारांवर, डोळ्यांसमोर लागणाऱ्या ठेंगण्या पाट्या मोजल्या; त्यांची कंबरही खालीच. म्हणजे उंचावरच्या पाटीसाठीची ती हुशारी वगैरे खोटी आणि उकिडवे बसणे खरे. इथवर मी खुशीत होतो. म्हटले, चोर असला तरी पोरगा हुशार आहे. (पोरगाच असणार हे मी गृहीत धरले होते.) मग भिंती आल्या. मी नेहमी ठासून सांगत आलो की भिंतीवरची जाहिरात उभ्याने, अक्षराला तोंड देऊन रंगवतात, म्हणून तिथे कंबर मधोमध असते. लेखकाने कामठी, पारशिवनी, कुठकुठल्या भिंती मोजल्या, आणि लिहिले की नाही, भिंतीवरही कंबर खालीच. म्हणजे बसून शिकलेला हात शिडीवर चढला तरी बसल्यासारखाच चालतो. बसण्याची पद्धत नाही, शिकण्याची सवय. दादा, माझी कल्पना चोरली ती चोरली, वर तिच्यात चूक काढली. चोर घरात शिरून म्हणतो, तुमचे कपाट हलके आहे.

आणि त्याला आधार म्हणून सातवी आकृती. फोटो. 'बाबाराव बियाणे भांडार, पारशिवनी. रंगारी अज्ञात.'

तुमची भिंत, दादा! दुकान बंद होते म्हणून चौकशी करता आली नाही असे खाली लिहिले होते. तुम्ही त्या दिवशी रामटेकला गेला असाल. अज्ञात रंगारी म्हणजे मी. तुम्हाला आठवत असेल, 'भां'वरचा अनुस्वार देताना एक पाल मध्ये आली, तिला हाकलताना ब्रश घसरला आणि अनुस्वाराला शेपूट फुटले. तुम्ही म्हणालात राहू दे, शोभते. लेखात लिहिले आहे, 'अनुस्वाराला शेपूट देण्याची स्थानिक शैली लक्षणीय'. मी त्या फोटोवर पट्टी ठेवली. कंबर खाली. पट्टी उलटी करून ठेवली. तरी खाली.

आता माझी अडचण लक्षात घ्या. कल्पना माझी म्हणून उभे राहावे तर तिला पाडणारी भिंतही माझीच. आणि ती माझी आहे हे जगात फक्त मला आणि तुम्हाला माहीत. (पालीला धरले तर तिघे.)

शेवटी भीतीने मी अस्मिता मॅडमना फोन करून चौथ्या पानाचे सांगितले. भीती कसली? मी 'हितसंबंध नाहीत' असे लिहून दिले होते ना, त्याची. मला वाटले प्रकरण पोलिसांत जाते की काय. मॅडम शांत बाई आहेत. म्हणाल्या, बरे झाले फोन केलात. तेव्हा माहीत नव्हते, आता कळले, आता सांगितलेत, एवढेच असते. मग त्यांनी एकेक करून सांगितले. लेखकाला शोधायचे नाही, काही कळवायचे नाही. तुमच्याकडची प्रत नष्ट करा. तुम्ही या परीक्षणातून बाहेर, लेख दुसऱ्याकडे जाईल. कारण ज्याचे पोट दुखते आहे त्याने ताट वाढू नये. (हे त्या म्हणाल्या नाहीत, अर्थ असा होता.) जे वाटते ते मला लेखी द्या: कल्पना कधी सुचली, कोणाला सांगितली. आणि चोरी हा शब्द तुम्ही वापरू नका, मीही वापरणार नाही. दोन माणसांना एकच गोष्ट वेगवेगळी सुचू शकते. मी तुमचे नाव न सांगता लेखकाला एवढेच विचारीन की ही कल्पना कुठून आली. मी हो हो म्हटले आणि फोन ठेवला.

सातव्या आकृतीबद्दल बोललो नाही. विसरलो नव्हतो.

जेवायला बसलो. भरीत होते. तुम्हाला ठाऊक आहे, भरिताला मी नाही म्हणत नाही. पहिला घास घेतला आणि वाटले की त्या भिंतीखाली 'अज्ञात' असे छापून येईल आणि मी दरवेळी तुमच्याकडे येईन तेव्हा ती माझ्याकडे पाहील. (तिला डोळे नाहीत, पण शेपूट आहे.) हात धुतला आणि परत फोन लावला.

"मॅडम, ती सातवी आकृती माझी आहे."

"म्हणजे?"

"भिंत मी रंगवली. आणि ते शेपूट म्हणजे शैली नाही, पाल आहे."

त्या म्हणाल्या, "काका, तुमचं म्हणणं चुकीचं ठरवणारी भिंत तुम्हीच रंगवलेली आहे, असं तुम्ही मला सांगताय. हे तुम्ही बोलला नसता तर कोणालाच कळलं नसतं."

मी म्हटले, "हे तुम्ही मघाशी सांगितलं असतं तर मी फोन केला नसता."

उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. या दिवसांत मी प्रत्येक फोनला दचकत होतो आणि प्रेमलतेने कडू काढा सुरू केला. मग मॅडमचा फोन आला, आणि हसू दाबून बोलत असल्यासारखा आवाज. लेखकाला विचारायची गरजच नव्हती, म्हणाल्या. तरी रीत म्हणून विचारले. लेखाला एक पहिले पान असते. त्यावर लेखकाचे नाव, पत्ता, आणि कोणाकोणाचे आभार मानायचे ते असते. त्यावरून लेखक ओळखू येऊ शकतो, म्हणून ते पान काढून मगच लेख परीक्षकाला पाठवतात. त्या काढलेल्या पानावर पहिल्या दिवसापासून लिहिले होते: 'ही मूळ कल्पना डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका वृद्ध पेंटरांची आहे. आईचा नंबर लागल्यामुळे त्यांचे नाव विचारायचे राहिले. दवाखान्यात पुन्हा चौकशी केली, पण नुसत्या 'पेंटर' एवढ्यावर पत्ता लागला नाही. त्यांची मी ऋणी आहे.' मॅडमनी ते वाचलेही होते. पण वृद्ध पेंटर नागपुरात काय कमी आहेत!

मला मग आठवले. गेल्या साली मोतीबिंदूच्या तपासणीला गेलो होतो. डोळ्यांत थेंब टाकून बसवले होते, समोरचे सगळे धुरकट, आणि शेजारी कोणीतरी बसले होते. बाई की माणूस हेही दिसत नव्हते. मी आपले सुरू केले. म्हणजे मला दिसत नव्हते तेव्हाच नेमके कोणीतरी माझ्याकडे पाहून ऐकत होते.

मॅडमनी आम्हा दोघांनाही विचारले की नावे एकमेकांना कळलेली चालतील का. दोघांनीही हो म्हटले. आणि गेल्या रविवारी ती घरी आली. मयुरा नाव. काटकुळी, पाठीवर दप्तर, आल्या आल्या पाया पडली. मी आधी विचारले की तुझा लेख मी माझ्या दादांना कळवला तर चालेल का. म्हणाली, "माहा लेख आहे काका, सांगा ना कोणालेही." म्हणून हे पत्र. प्रेमलता तिच्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "तू ऐकलं वं यांचं? सारं? आखरीपर्यंत?"

"हो काकू. आमचा नंबरच लागून नव्हता राहिला ना."

प्रेमलतेने तिला जास्तीच्या पातोड्या वाढल्या. मयुराने मला एक पत्रा जमिनीवर टाकून त्यावर 'ब' काढायला लावला. बसलो. (उठताना दोघींनी उचलले.) मग उभे राहून भिंतीवर टांगलेल्या पत्र्यावर 'ब' काढायला लावला. टेप लावली. दोन्हीकडे कंबर खाली. मी म्हटले हे गुडघ्यांमुळे. तिने गंभीरपणे लिहून घेतले, 'गुडघे'. मग विचारले, धंदा कोणाकडे शिकलात, बसून की उभ्याने? मी म्हटले बसून, पाच-सहा वर्षे, उस्ताद उभे राहू देत नसत. तिने माझ्याकडे असे पाहिले की मला वाटले, बोललो ते बरे नाही केले.

आता काय छापायचे ते ठरवायचे होते. मी हळूच विचारले की लेखक म्हणून दोघांची नावे येतील का. तिची ना नव्हती, पण मॅडम म्हणतात की लेखक तो जो पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळ्याची जबाबदारी घेतो; तुम्हाला भिंतींचा भाग मान्य आहे का? नाही. मग कसे? म्हणून असे ठरते आहे: 'पाटी आडवी टाकून बसून रंगवल्यामुळे अक्षराची कंबर खाली बसते, ही कल्पना मार्तंड लांजेवार यांची (प्रत्यक्ष संभाषण). भिंतींच्या बाबतीत ती पुरी पडत नाही, आणि हे दाखवणारी सातव्या आकृतीतली भिंत लांजेवार यांनीच रंगवलेली आहे.' माझे बोलणे बरोबर उतरवले आहे अशी माझी सही लागते, सहीशिवाय नाव छापत नाहीत. मी वाचले. जन्मात पहिल्यांदा नाव छापून येणार, आणि येणार ते मीच मला खोटे पाडले म्हणून. मी विचारले की दुसरे वाक्य गाळता नाही येणार?

ती म्हणाली, "काका, तुमचं नाव गाळता येते. भिंत नाही गाळता येत."

मग मी शेवटचा डाव टाकला. म्हटले, फोटो खालून, मोबाईल तिरपा धरून काढला आहे, त्यात कंबर खरी कशी दिसेल? ती रागावली नाही. म्हणाली बरोबर आहे, येत्या रविवारी पारशिवनीला जाऊन शिडी लावून टेपने मोजते, मग सही करा. आता रविवारी ती तुमच्याकडे येईल. पोरगी चांगली आहे, जेवू घाला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हे पत्र पारशिवनीच्या एसटीत ओळखीचे कोणी दिसेल त्याच्या हाती देतो, टपालाचा भरवसा नाही. तब्येतीला जपावे.

आपला,
मार्तंड

ता. क. पत्राचे खरे काम लिहायचे राहिले. तुम्ही मागल्या पत्रात लिहिले होते की तुमच्या गोपिकेच्या लग्नाआधी दुकानाची ती बाजू रंगवून घ्यायची आहे. ते काम शनिवारपर्यंत उरकून टाका. उगाच लग्नाच्या तोंडावर घाई नको. रंगाच्या एका हाताने जुना ऑइल पेंट झाकला जात नाही, दोन हात मारायला सांगा, आणि 'भां'च्या जागी तिसरा. हा सल्ला मी तुम्हाला धंद्यातला माणूस म्हणून देतो आहे, दुसरे काही मनात नाही.

दुसरी ता. क. माझा चष्मा शोधताना हे पत्र प्रेमलतेच्या हाती लागले आणि तिने वरची ता. क. वाचली. मला तिने एवढेच म्हटले, "जन्मभर कोणी ऐकत नाही म्हणून रडता. एक पोरगी ऐकून राहिली, तर भिंतच पुसता काय हो?" आणि भाजी निवडायला न बसता समोर उभी राहिली. ती ता. क. खोडली असती, पण पाठीमागे मजकूर आहे, शाई उतरते. तरी ती नाही असे समजावे. भिंत रंगवू नका. रंगाऱ्याला सांगून ठेवले असेल तर त्याला परत पाठवा, लग्नाला भिंतीची आडकाठी नसते. शिडी मात्र मजबूत द्या, आणि खालून कोणीतरी धरा. तुम्ही नको, तुम्हाला चक्कर येते.

तिसरी ता. क. दुपारी सही करून मॅडमकडे पाठवून दिली, दोन्ही वाक्यांखाली. रविवारपर्यंत थांबायला जीव तयार नव्हता, तोवर मी पुन्हा काही डाव काढला असता. आता माप काय निघेल त्याने काही बदलत नाही, तरी दादा, तुम्ही तिथे उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी टेप पाहा. कंबर मधोमध निघाली तर मला लगेच कळवा. खाली निघाली तरी लवकरच कळवा, पण तेव्हा आधी माझी तब्येत विचारा, मग वहिनींचा खोकला लिहा, पाऊसपाणी लिहा, आणि माप शेवटी. फोन करू नका, माझ्या तोंडाकडे पाहून प्रेमलतेला कळते. पत्रच टाका. सोमवारपासून मी फाटकात बसतो.